भिडे पुलाचा फोटो कसा वाचायचा

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या बहुतेक पेपरांत एक फोटो ठरलेला असतो. डेक्कनकडून नारायण पेठेकडे जाणारा बाबा भिडे पूल पाण्याखाली गेलेला, आणि तो बघायला जमलेले लोक. पूल बुटका, नदीपात्राला चिकटलेला, त्यामुळे तो लवकर बुडतो. शेजारीच उंचावरून झेड ब्रिज जातो, त्यामुळे फोटोग्राफरला चांगली जागा मिळते आणि बघ्यांनाही.

वृत्तछायाचित्राचं विश्लेषण शिकायला हा फोटो मला फार सोयीचा वाटतो. एक तर तो पुन्हा पुन्हा छापला जातो, म्हणजे तुलनेला भरपूर माल मिळतो. दुसरं म्हणजे तो जिथून काढला ती जागा आपल्याला चालत जाऊन बघता येते. युद्धाच्या किंवा दंगलीच्या फोटोबाबत ती सोय नसते.

या लेखापुरता एक नमुना फोटो धरू. तो कुठल्या एका दैनिकाचा नाही, अशा फोटोंत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मी तो मांडला आहे. झेड ब्रिजचा कठडा चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरका आत जातो. कठड्याला टेकून दहा-बारा माणसं उभी आहेत, खांद्याला खांदा लागल्यासारखी. सर्वांत पुढे विशीतला एक तरुण हात लांब करून मोबाइलवर फोटो काढतोय आणि हसतोय. तो स्पष्ट आहे, मागचे चेहरे धूसर. डावीकडे खाली मातकट पाणी. पुलाची खूण म्हणजे त्या पाण्यावर पडलेली एक आडवी फेसाळ रेघ. वर काळपट आभाळाची पट्टी. फोटोखालची ओळ अशी : ‘भिडे पूल पाण्याखाली, जीव धोक्यात घालून सेल्फीसाठी पुणेकरांची झुंबड.’

पहिली पायरी : ओळ झाका

फोटोखालचा मजकूर कागदाने झाका. मोबाइलवर असाल तर फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन फक्त चित्र ठेवा. मथळाही नको. आता वहीत फक्त जे दिसतंय ते लिहा. कठडा, माणसं, मोबाइल, पाणी, आभाळ. ‘गर्दी’ लिहू नका, डोकी मोजा आणि ‘अकरा माणसं’ लिहा. ‘बेफिकीर तरुण’ लिहू नका, ‘हसणारा तरुण’ लिहा. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण नवशिक्यांच्या दहापैकी नऊ विश्लेषणांत कॅप्शनमधलीच विशेषणं फोटोत ‘दिसलेली’ असतात. ओळ एकदा वाचली की ती डोळ्यांतून काढता येत नाही, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही.

नमुना फोटोची यादी केली की दोन गोष्टी लक्षात येतात. पाण्यात एकही माणूस नाही. आणि तरुणाचा मोबाइल नदीकडे रोखलेला आहे, स्वतःकडे नाही. या दोन्ही नोंदी पुढे लागणार आहेत.

दुसरी पायरी : कॅमेरा कुठे होता

रचनेचा विचार म्हटलं की विद्यार्थी लगेच चौकटीचे तीन भाग पाडतात आणि मुख्य विषय कुठल्या रेघेवर आला ते सांगतात. ते चुकीचं नाही, पण बातमीच्या फोटोत त्याआधी विचारायचा प्रश्न असा की फोटोग्राफर नेमका कुठे उभा होता आणि किती लांब. कारण गर्दी ‘दिसते’ ती बऱ्याचदा त्या अंतरामुळे.

हिशोब करून बघू. दहा माणसं कठड्याला ओळीने उभी आहेत, प्रत्येक दोघांत दोन मीटरचं अंतर. म्हणजे पहिल्यापासून दहाव्यापर्यंत अठरा मीटर. फोटोग्राफर ओळीच्या टोकाला, पहिल्या माणसापासून तीन मीटरवर असेल तर दहावा माणूस त्याच्यापासून एकवीस मीटरवर आहे. एकवीस भागिले तीन, म्हणजे फोटोत पहिला माणूस दहाव्याच्या सातपट मोठा दिसेल. मधली मोकळी जागा वाचकाला सहज जाणवेल. आता फोटोग्राफर पहिल्या माणसापासून साठ मीटरवर गेला आणि मोठी लेन्स लावली. पहिला साठ मीटरवर, दहावा अठ्ठ्याहत्तर मीटरवर. आकारातला फरक फक्त सव्वापटीच्या थोडा वर. सगळे जवळजवळ एकाच मापाचे दिसतात, आणि दोन मीटरच्या फटी मिटून माणसं एकमेकांना चिकटतात. एकही माणूस जागचा हललेला नाही.

लोक याला लेन्सची करामत म्हणतात. खरं तर हे सगळं अंतराचं काम आहे. लेन्स फक्त लांबचा तुकडा मोठा करून देते. साठ मीटरवरूनच मोबाइलने फोटो काढा आणि मधला भाग मोठा करून बघा, चिकटलेपण तेच राहील, फक्त चित्र भरडं येईल. २०२० साली करोनाच्या काळात डेन्मार्कमधल्या वृत्तछायाचित्रकारांनी कोपनहेगनमध्ये हा प्रयोग जाहीरपणे केला होता. एकाच जागची तीच माणसं एकदा रुंद लेन्सने आणि एकदा लांबून मोठ्या लेन्सने टिपली. पहिल्या फोटोत लोक अंतर पाळताना दिसत होते, दुसऱ्यात ते नियम मोडत असल्यासारखे.

छापलेल्या फोटोत हे ओळखायचं कसं? पुढच्या आणि मागच्या माणसाच्या डोक्याची उंची पट्टीने मोजा. फरक थोडा असेल आणि ओळ मात्र लांबलचक असेल, तर कॅमेरा दूर होता. दुसरी खूण कठड्याच्या उभ्या खांबांची. ते ठरावीक अंतरावर असतात, त्यामुळे जिथे दिसतात तिथे दोन माणसांमध्ये किती खांब येतात ते मोजलं की खरी फट कळते. रस्त्यावरच्या फोटोत हेच काम दुभाजकाचे कठडे किंवा झेब्रा पट्टे करतात. असं काहीच दिसत नसेल तर ‘अंतर सांगता येत नाही’ असं लिहून पुढे जा.

संध्याकाळी झेड ब्रिजवर जाऊन हे स्वतः करून बघा. कठड्याशी उभे राहणारे लोक तिथे बारमाही असतात, त्यासाठी पुराची वाट बघायला नको. (अनोळखी जोडप्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखू नका, दोन मित्रांना ओळीत उभं केलं तरी काम होतं.) एक फोटो जवळून, एक पुलाच्या दुसऱ्या टोकाकडून. दोन्ही शेजारी ठेवले की वरचा हिशोब पाठ करावा लागत नाही.

एक सावधगिरी. मोठी लेन्स वापरली म्हणजे फसवणूक केली, असं नव्हे. पुराच्या वेळी पोलीस अडवतात, जवळ जाता येत नाही, आणि अंगावर जाऊन फोटो काढला की माणसं कॅमेऱ्याकडे बघू लागतात. प्रश्न उभा राहतो तो फोटो ‘किती गर्दी होती’ याचा पुरावा म्हणून वापरला जातो तेव्हा.

तिसरी पायरी : चौकटीच्या कडा

आता चारही कडांवर बोट फिरवा आणि काय कापलं गेलंय ते बघा. नमुना फोटोत डाव्या कडेला एक पिवळा कोपरा दिसतो. तो बॅरिकेडचा असू शकतो. उजवीकडे एका माणसाचा फक्त खाकी बाहीचा हात आहे. म्हणजे पोलीस तिथे असावा, पण चौकटीबाहेर. तो पूर्ण दिसला असता तर फोटोचा अर्थ ‘कुणाचं लक्ष नाही’ कडून ‘बंदोबस्त आहे’ कडे सरकला असता.

ही काट फोटोग्राफरने घेताना केली की डेस्कवर झाली, हे बऱ्याचदा पडताळता येतं. त्याच दैनिकाची छापील आवृत्ती, संकेतस्थळ आणि सोशल मीडियावरचं पान उघडा. छापील पानात फोटो जागेच्या मापाने कापतात, संकेतस्थळावर आडवा लागतो, मोबाइलसाठी चौकोनी किंवा उभा. तिन्ही ठिकाणी तोच फोटो असेल तर तीन वेगवेगळ्या काटी हातात येतात. एखाद्या काटीत पोलीस सापडला तर तुमच्या विश्लेषणाला खरा आधार मिळाला.

कडांइतकाच महत्त्वाचा आहे निवडलेला क्षण. आजचे कॅमेरे सेकंदाला दहा-वीस फोटो सहज काढतात. तरुण एका फोटोत हसतो, पुढच्यात डोळे बारीक करून पाण्याकडे बघतो, त्यापुढच्यात मित्राकडे वळतो. हसू खरंच होतं, त्यात खोटं काही नाही. पण अनेकांतून तेच निवडलं गेलं, आणि बाकीचे फोटो आपल्याला दिसत नाहीत. म्हणून लिहिताना ‘तरुण पुराची मजा घेत होता’ असं न लिहिता ‘निवडलेल्या क्षणी तरुण हसतो आहे, आणि मागचे चेहरे धूसर असल्याने त्याचंच हसू सगळ्या ओळीचा भाव ठरतं’ असं लिहा. मागचे दहा जण काळजीने बघत असतील तरी या फोटोत ते कळायला वाव नाही.

चौथी पायरी : आता ओळ उघडा

कॅप्शनमधल्या शब्दांचे तीन गट करा. फोटोत दिसणारं, फोटोत न दिसणारं पण बातमीदाराला माहीत असू शकणारं, आणि निव्वळ मत. नमुना ओळ घ्या. ‘भिडे पूल पाण्याखाली’ हे दिसतं, निदान त्या फेसाळ रेघेवरून पटतं. ‘सेल्फीसाठी’ हे दिसत नाहीच, उलट यादीत लिहिलेल्या मोबाइलच्या दिशेशी विसंगत आहे. ‘जीव धोक्यात घालून’ हे मत, आणि तेही डळमळीत, कारण माणसं उंच पुलावर कठड्याच्या आत आहेत. ‘झुंबड’ हा शब्द अकरा माणसांना लावलाय, आणि त्यांच्यातली दाटी कॅमेऱ्याच्या अंतराने वाढवलेली आहे. ‘पुणेकरांची’ या शब्दाने अकरा जण अख्ख्या शहराचे प्रतिनिधी झाले.

याच फोटोखाली दुसरी ओळ ठेवून बघा : ‘खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याने भिडे पूल पाण्याखाली गेला. गुरुवारी सकाळी झेड ब्रिजवरून पाण्याची पातळी पाहताना नागरिक.’ हसणारा तरुण तोच, पण आता तो बेफिकीर वाटत नाही. नजर त्याच्या चेहऱ्यावरून घसरून पाण्यावरच्या रेघेकडे जाते. तिसरी ओळ : ‘पूल बंद, कामावर निघालेले प्रवासी झेड ब्रिजवर खोळंबले.’ लगेच माणसं अडकलेली वाटू लागतात, कुणाच्या खांद्याला बॅग आहे का ते आपण शोधू लागतो. हा प्रयोग वर्गात करायचा असेल तर तीन गटांना तोच फोटो तीन वेगळ्या ओळींसह द्या, पाच मिनिटांनी फोटो काढून घ्या आणि ‘फोटोत किती माणसं होती, ती काय करत होती’ एवढंच लिहायला सांगा. मग उत्तरं एकत्र वाचा.

मराठी कॅप्शनमध्ये क्रियापदाकडे मुद्दाम बघा, कारण जबाबदारी तिथे लपते. ‘पाटबंधारे विभागाने पाणी सोडले’ यात कर्ता आहे. ‘पाणी सोडण्यात आले’ यात तो गेला. ‘पाणी घुसले’ यात पाणीच कर्ता झालं, जणू निर्णय कुणी घेतलाच नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा विसर्गाची पूर्वसूचना नीट मिळाली होती का, यावरून मोठा वाद झाला. अशा दिवशी कंबरभर पाण्यातल्या माणसाच्या फोटोखाली ‘घुसले’ लिहायचं की ‘सोडले’, हा शैलीचा प्रश्न राहत नाही. तुमच्या विश्लेषणात कर्ता आहे की नाही एवढं नोंदवा. दोष कुणाचा हे फोटोवरून ठरवू नका.

पाचवी पायरी : फोटो खरंच त्या दिवशीचा आहे का

पुराच्या फोटोंतली सर्वांत मोठी फसवणूक फोटोशॉपने होत नाही. जुना फोटो ‘आत्ता’ म्हणून फिरवला की काम होतं. १९६१ च्या पानशेत पुराचा फोटो कृष्णधवल असल्याने स्वतःच आपलं वय सांगतो. पण भिडे पूल ऑगस्ट २०१९ मध्येही पाण्याखाली होता आणि जुलै २०२४ मध्येही. दोन्ही रंगीत, दोन्हींत पाणी मातकट.

इथे पुण्याची एक खास खूण कामाला येते. डेक्कनच्या बाजूने नदीकाठाने मेट्रोचा उन्नत मार्ग गेला आहे. गरवारे कॉलेजपासून सिव्हिल कोर्टापर्यंतचा हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. फोटोचा रोख डेक्कनच्या काठाकडे असेल आणि त्यात पूर्ण मार्ग दिसत असेल, तर तो फार जुना नाही. खांब नुसतेच उभे असतील तर बांधकामाच्या काळातला. काहीच नसेल तर त्याआधीचा, आणि ‘आज सकाळी’ ही ओळ खोटी. मात्र रोख नारायण पेठेकडे असेल तर ही खूण मिळणार नाही, म्हणून आधी दिशा ठरवा. नमुना फोटोत कडेपर्यंत नुसतं पाणी आणि वर आभाळ आहे, त्यामुळे तिथे ती चालत नाही.

मग फोटोवरून तोच फोटो शोधून देणाऱ्या गूगल लेन्स किंवा टिनआयवर फोटो टाका. टिनआयवर निकाल तारखेप्रमाणे लावता येतात, सर्वांत जुना आधी ठेवा. कॅप्शनमधल्या तारखेच्या आधी तोच फोटो कुठे सापडला तर प्रश्न मिटला. काही न सापडणं मात्र कशाचाच पुरावा नाही. फोटोच्या फाइलमधली कॅमेरा आणि वेळेची माहिती बघा असंही सांगतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमधून ती गळालेली असते.

दैनिकं जुना फोटो वापरतात तेव्हा खाली ‘संग्रहित छायाचित्र’ असं लिहितात. छापील पानावर ते वाचलं जातं. फोटो कापून पुढे पाठवला की पहिली गळते तीच ओळ.

सहावी पायरी : फेरफार

फोटोला हात लावणं म्हणजे लबाडी, अशी सरधोपट समजूत असते. वृत्तसंस्थांचे नियम तसे नाहीत. असोसिएटेड प्रेसच्या नियमांत काट घेणं, उजेड-अंधार आणि रंग माफक सारखा करणं चालतं. एखादी वस्तू घालणं किंवा काढणं अजिबात चालत नाही, इतकं की फ्लॅशमुळे लाल झालेले डोळेही दुरुस्त करायचे नाहीत. २०१४ मध्ये याच संस्थेने पुलित्झरविजेत्या चमूतल्या एका छायाचित्रकाराशी संबंध तोडले, कारण त्याने सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात आलेला दुसऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसून टाकला होता. फोटोच्या बातमीमूल्यात त्याने काही फरक पडत नव्हता, तरीही.

आपल्याकडचं पुराचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी केली. पत्र सूचना कार्यालयाने ट्विटरवर टाकलेल्या एका फोटोत खिडकीबाहेर पाण्यात उभ्या इमारती लख्ख दिसत होत्या. त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या फोटोत खिडकीतलं दृश्य पुसट होतं. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवले, टीका झाली, फोटो काढून टाकला गेला आणि दोन छायाचित्रं एकत्र केल्याचं कार्यालयाने मान्य केलं. हा फेरफार ओळखायला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही. काच, धुकट हवा आणि अंतर यांतून दिसणारं दृश्य आतल्या माणसाइतकं धारदार असू शकत नाही, एवढा डोळ्याचा अनुभव पुरला.

दोन खुणा शोधायच्या त्या अशाच. एक, एकाच फोटोत धार, धूसरपणा किंवा उजेडाची दिशा जागोजागी बदलते का. दोन, काही पुन्हा पुन्हा येतं का. २००३ मध्ये इराकमधल्या एका फोटोत मागे बसलेली तीच माणसं दोनदा दिसली आणि लॉस एंजेलिस टाइम्सने छायाचित्रकाराला काढून टाकलं. त्याने दोन फोटो जोडले होते. २००६ मध्ये बैरूतवरच्या धुराचे लोट एकसारखे गोळे घेऊन वर जात होते. रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो मागे घेतले. पुराच्या फोटोत हे पाण्याच्या फेसात आणि गर्दीतल्या डोक्यांत तपासा. भिंगाने, कोपऱ्यापासून सुरुवात करून.

आभाळ आणि पाणी यांचा रंग हा खरा चिकट भाग. नमुना फोटोतलं आभाळ काळपट आहे. ढगच तसे असतील, कॅमेऱ्याने मोबाइलच्या चमकत्या पडद्यावरून उजेड मोजला असेल, किंवा डेस्कवर कुणी गडद केलं असेल. १९९४ मध्ये अटकेतल्या ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला तोच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर आला, म्हणून ‘टाइम’ने चेहरा किती काळवंडवला ते सगळ्यांना दिसलं. तुलनेला दुसरा फोटो नसता तर ते सिद्ध करणं अवघड होतं. तेव्हा त्याच सकाळचे इतर दैनिकांतले फोटो जमवा आणि आभाळ तुलना करून बघा. पण छापील पान आणि पडदा यांची तुलना नको. पेपरचा कागद शाई शोषतो, छापताना ठिपके पसरतात, सगळ्याच फोटोंतल्या सावल्या गडद होतात.

इंटरनेटवर फोटोची फाइल दाबताना जागोजागी पडणारा फरक, म्हणजे ‘त्रुटीची पातळी’, रंगवून दाखवणारी मोफत साधनं आहेत. नवशिक्यांना ती फार आवडतात, कारण काहीतरी चकाकतं. दोन-तीन वेळा पुढे ढकललेल्या, दाबून लहान केलेल्या फोटोवर ती कडा आणि लाल रंग सर्रास चमकवतात. तेवढ्या आधारावर ‘बनावट’ लिहू नका.

लिहिताना

दिसतं ते, मग कॅमेऱ्याची जागा, मग ओळ, मग पडताळणी, असा क्रम ठेवा आणि प्रत्येक विधानाला फोटोतली जागा द्या. नमुन्यावरचा एक परिच्छेद असा होईल : ‘फोटोत कठड्यालगत अकरा व्यक्ती आहेत. पहिल्या आणि शेवटच्या दिसणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याच्या उंचीत फार फरक नाही, यावरून कॅमेरा बराच दूर होता आणि दाटी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. कॅप्शनमधल्या “झुंबड” या शब्दाला या दाटीचाच आधार आहे. “सेल्फी”ला फोटोत आधार नाही. पुढच्या तरुणाचा मोबाइल नदीकडे आहे. उजव्या कडेला खाकी बाही दिसते, त्यामुळे बंदोबस्त होता का हा प्रश्न राहतो. फोटोत काही घातल्याची किंवा काढल्याची खूण आढळली नाही. आभाळाच्या गडदपणाबद्दल तुलनेअभावी काही म्हणता येत नाही.’

छायाचित्रकाराच्या नावावर कॅप्शनचा दोष टाकण्याआधी श्रेयओळ, म्हणजे फोटो कुणाचा ते सांगणारी ओळ, बघा. छायाचित्रकार फोटोबरोबर साधी माहिती पाठवतो : जागा, वेळ, काय घडलं. ‘जीव धोक्यात घालून’ हे शब्द बहुतेक वेळा रात्री पान लावताना डेस्कवर येतात, कधी मथळ्याशी जुळावं म्हणून, कधी ओळ भरावी म्हणून. वृत्तसंस्थेचा फोटो असेल तर तोच इतर दैनिकांत कुठल्या ओळीसह आला ते शोधा. सगळीकडे तपशील सारखा आणि एकाच ठिकाणी विशेषण जास्त असेल, तर ते कुठे चिकटलं हे कळतं. दैनिकाचा स्वतःचा छायाचित्रकार असेल तर ते वेगळं काढता येत नाही, मग विश्लेषणात कर्ता म्हणून दैनिकाचं नाव घाला, माणसाचं नको.